कप्पाच नसलेल्या कॅबिनेटमध्ये अडीच इंची ड्राइव्ह: किनाऱ्यावरच्या एका कार्यालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेचं हे कार्यालय. जेट्टीपासून शंभरेक पावलांवर, कौलारू इमारतीतल्या दोन खोल्या. एकाच संगणकावर सभासदांच्या नोंदी, डिझेल परताव्याची कागदपत्रं आणि हिशेब असं सगळं चालतं. संगणक जुना असला तरी कामाला पुरेसा. मात्र विंडोज हार्ड डिस्कवर असल्यामुळे सकाळी सुरू केला की हातात काम यायला सात-आठ मिनिटं लागायची. कार्यकारी समितीने २४० जीबीची अडीच इंची एसएसडी मंजूर केली. विंडोज एसएसडीवर ठेवायचं आणि स्कॅन केलेली कागदपत्रं जुन्या हार्ड डिस्कवरच राहू द्यायची, असं ठरलं. म्हणजे दोन्ही ड्राइव्ह एकाच कॅबिनेटमध्ये बसवाव्या लागणार होत्या.

मदरबोर्डवर एम.२ खाच नव्हती. ती असती तर पट्टीच्या आकाराची एसएसडी थेट बोर्डवर एका स्क्रूने बसली असती आणि पुढचं काहीच घडलं नसतं. कॅबिनेट अरुंद, मायक्रो टॉवर प्रकारचं. वर डीव्हीडी रायटरचा सव्वापाच इंची कप्पा, त्याखाली हार्ड डिस्कचा साडेतीन इंची कप्पा, आणि दोन्ही भरलेले. अडीच इंची ड्राइव्हसाठी वेगळी जागा अशा जुन्या कॅबिनेटमध्ये नसते, कारण ती बनवली गेली तेव्हा हा आकार लॅपटॉपचा समजला जाई.

पहिली जोडणी

जानेवारीत तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याने एसएसडी बसवली. एसएसडीच्या खोक्यात स्क्रू नव्हते, आणि बहुतेक वेळा ते नसतातच. त्याच्याकडच्या डब्यात हार्ड डिस्कचे जाड आट्याचे स्क्रू होते. ते एसएसडीच्या भोकात जात नाहीत, हे त्याने ओळखलं आणि जबरदस्ती केली नाही. हा निर्णय अगदी बरोबर होता. साडेतीन इंची हार्ड डिस्कला सहा-बत्तीस नावाचा इंची मापाचा स्क्रू लागतो. तो साडेतीन मिमी जाड असतो आणि त्याचे आटे विरळ असतात. अडीच इंची ड्राइव्हला एम३ स्क्रू लागतो, तीन मिमी जाडीचा आणि बारीक, दाट आट्यांचा. दोन्ही शेजारी धरले की फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. जाड स्क्रू पिळून घातला तर भोकातले आटे कायमचे जातात.

स्क्रू नाहीत म्हणून त्याने फोमच्या डबल साइड टेपच्या दोन पट्ट्या लावून एसएसडी कॅबिनेटच्या तळाला, हार्ड डिस्कच्या कप्प्यापुढच्या मोकळ्या जागेत चिकटवली. एसएमपीएस या वीज देणाऱ्या डब्यातून आलेले, ड्राइव्हना वीज पुरवणारे साटा पावरचे दोन्ही कनेक्टर हार्ड डिस्क आणि डीव्हीडी रायटरने घेतलेले असल्यामुळे एसएसडीसाठी चार पिनांच्या जुन्या कनेक्टरवरून साटा पावर करणारी छोटी कन्व्हर्टर केबल लावली. झाकण लावलं आणि संगणक अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागला. कार्यालय खूश झालं.

अडचण

मे महिन्यात संगणक मधूनच गोठू लागला. पुन्हा सुरू केला की कधी विंडोज यायचं, कधी काळ्या पडद्यावर ही ओळ:

```
Reboot and Select proper Boot device
```

संस्थेचा शिपाई कॅबिनेट उघडून बघायला शिकला होता. त्याने सांगितलेलं वाक्य निदानाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं ठरलं: “हात लावलो की चालू जाता, सोडलो की बंद.” एसएसडीच्या केबलला बोट लावलं की ड्राइव्ह दिसायची, बोट काढलं की नाहीशी व्हायची.

तरीही पहिला तर्क ‘एसएसडी गेली’ असाच निघाला. वॉरंटीत परत पाठवायची तयारी झाली. ती पाठवली असती तर दोन-तीन आठवडे कार्यालय जुन्या हार्ड डिस्कवर आलं असतं, आणि परत आलेली ड्राइव्ह त्याच जागी त्याच टेपने चिकटवली गेली असती.

निदान: ड्राइव्ह की जोडणी?

ड्राइव्ह खराब आहे की तिची जोडणी, हे ओळखायला ड्राइव्हच्या आतच नोंद असते. विंडोजवर CrystalDiskInfo या फुकट प्रोग्रामने ती दिसते. लिनक्सवर ही आज्ञा द्यावी:

```
sudo smartctl -A /dev/sda
```

या यादीतल्या दोन ओळी बघायच्या. ०५ क्रमांकाची ओळ खराब होऊन बदललेल्या जागांची असते, ती वाढत असेल तर ड्राइव्हचा दोष. C7 क्रमांकाची ओळ, दशमान पद्धतीत १९९, केबलवरून जाताना बिघडलेल्या माहितीच्या तुकड्यांची मोजणी करते. इथे ०५ शून्य होती आणि C7 समोर 3E2 असा आकडा होता. CrystalDiskInfo कच्चे आकडे षोडशमान पद्धतीत दाखवतो, म्हणून हे ३ऐवजी ९९४ समजायचे. कार्यालयाच्या लिपिकाने सुरुवातीला ते ‘तीन चुका’ असं वाचलं होतं, आणि ही चूक अनेकांकडून होते.

C7 बद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: हा आकडा कधीच कमी होत नाही. दोष दुरुस्त केला तरी जुनी मोजणी तशीच राहते. त्यामुळे आज किती आहे यापेक्षा आठवड्याने किती वाढला हे बघायचं. इथे आधी नवी साटा केबल लावून पाहिली. आठवड्याने आकडा 46B, म्हणजे ११३१ झाला. केबल नवी, तरी चुका चालूच. म्हणजे दोष केबलच्या तारेत नव्हता, ती जिथे आणि जशी बसली होती तिथे होता.

झाकण उघडून सावकाश बघितल्यावर तीन गोष्टी एकत्र दिसल्या. एसएसडीचा कनेक्टर झाकणाच्या दिशेने होता आणि त्याच्यापासून झाकण जेमतेम ३५ मिमीवर होतं. सरळ प्लग आणि त्यामागचं केबलचं वळण यांना मिळून ४५ ते ५० मिमी जागा लागते, म्हणून झाकण लावलं की ते केबलला दाबत होतं. त्या दाबाने एसएसडी टेपवरून दीड-दोन सेंटिमीटर सरकून तिरकी झाली होती. आणि टेपची एक पट्टी पत्र्यावरून पूर्ण सुटून एसएसडीलाच चिकटून राहिली होती, तिच्या पत्र्याकडच्या बाजूवर राखाडी, किंचित चिकट धूळ होती.

हीच गोष्ट या प्रकरणात सगळ्यात समजून घेण्यासारखी आहे. अडीच इंची एसएसडी पन्नास ग्रॅमच्या आसपास भरते. एवढं वजन कोणतीही टेप सहज धरते, म्हणून चिकटवताना ‘पक्की बसली’ असंच वाटतं. पण टेपवर खरा भार वजनाचा नसतो, दोन केबलींच्या ताठपणाचा असतो. साटाची चपटी केबल वाकवली की सरळ व्हायला बघते, पावरची केबल तर त्याहून ताठ. हा जोर थोडा असला तरी रात्रंदिवस एकाच दिशेने असतो. फोमची टेप झटक्याला टिकते, पण सततच्या मंद ओढीपुढे हळूहळू वाहत जाते, आणि ऊब वाढली की अधिक लवकर. किनाऱ्यावर मे महिन्यात बंद कॅबिनेटच्या आतली हवा सहज चाळिशीच्या पुढे जाते. शिवाय पत्रा चिकटवण्याआधी पुसलेला नव्हता. खाऱ्या वाऱ्याच्या जागी धुळीत मीठ असतं आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. टेप पत्र्याला नाही, त्या ओलसर थराला चिकटली होती.

सुदैवाने कनेक्टरचं प्लास्टिक तुटलेलं नव्हतं. साटाच्या खाचेतली इंग्रजी एल आकाराची पातळ जीभ आडव्या ओढीने मोडते, आणि ती मोडली की ड्राइव्ह चांगली असूनही प्लग धरत नाही. सरकलेल्या ड्राइव्हचा खरा धोका हा आहे.

पर्याय

दुरुस्ती जूनच्या पहिल्या आठवड्यात करायचं ठरलं. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, कार्यालयात गर्दी कमी असते, त्यामुळे संगणक दोन दिवस बंद ठेवता येणार होता. या दोन दिवसांमुळे पुढचे पर्याय शक्य झाले. एका तासात काम उरकायचं असतं तर पुन्हा टेपच आली असती.

पहिला विचार चांगली टेप नीट लावण्याचा झाला. ही काही वाईट पद्धत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा केला, अ‍ॅक्रिलिक फोमची दर्जेदार टेप पूर्ण रुंदीला लावली, ती पूर्ण पकडेपर्यंत दिवसभर केबल जोडली नाही, आणि केबल ड्राइव्हजवळच पत्र्याला बांधून तिचा ताण काढून घेतला, तर एसएसडी वर्षानुवर्षं राहते. घरातल्या सुक्या खोलीत हेच पुरे. इथे दोन आक्षेप होते: खारी हवा, आणि पुढे कोणीही झाकण उघडून केबल ओढेल अशी सामायिक जागा.

दुसरा पर्याय साडेतीन इंची कप्प्यात बसणाऱ्या ब्रॅकेटचा. बाजारात हा सगळ्यात सहज मिळतो आणि कप्पा रिकामा असेल तर दुसरं काही शोधूच नये. इथे कप्पा भरलेला होता. हार्ड डिस्क काढून सगळंच मोठ्या एसएसडीवर न्यावं, अशी सूचना आली. ती तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ होती, पण समितीची नवी मंजुरी आणि नवा खर्च लागला असता.

तिसरा, डीव्हीडी रायटर काढून त्या जागी सव्वापाच इंची ब्रॅकेट. जुने लेखापरीक्षण अहवाल सीडीवर असल्यामुळे रायटर लागत होता. तो नसता तरी पुढच्या तोंडाला झाकणपट्टी लागली असती, नाहीतर तिथून खारी धूळ थेट आत.

चौथा, मागच्या रिकाम्या एक्स्पान्शन खाचेत बसणारा ब्रॅकेट. एकाच स्क्रूवर बसतो, भोकं पाडायला लागत नाहीत. इथे खाच रिकामी होती आणि ग्राफिक्स कार्ड नव्हतं, म्हणजे जागाही होती. पण तो मागवावा लागला असता आणि दोन दिवसांत येण्याची खात्री नव्हती. हातात आठ दिवस असते तर हाच घेतला असता, असं या लेखामागच्या मंडळींचं मत आहे.

तळाला भोकं पाडून स्क्रूने बसवण्याचाही विचार झाला आणि लगेच सोडला. कॅबिनेट जमिनीवर ठेवलेलं असतं, पावसाळ्यात लादी घामाघूम होते, फडका मारताना पाणी खालच्या जाळीतून आत येतं. किनाऱ्यावर कॅबिनेटचा तळ ही ड्राइव्हसाठी सगळ्यात वाईट जागा.

उरली हार्ड डिस्कच्या कप्प्याची वरची बाजू. सपाट पत्रा, वर डीव्हीडी रायटरपर्यंत ३२ मिमी मोकळी जागा, तळापासून वीतभर उंच, आणि मागे मदरबोर्डच्या कडेपर्यंत ६० मिमी. निर्णय इथे झाला, आणि तो एका गोष्टीमुळे झाला: हा कप्पा रिव्हेटने जोडलेला नव्हता. पुढून दोन स्क्रू काढले की तळाच्या आकड्यांतून सरकवून पूर्ण बाहेर येत होता. म्हणजे ड्रिल कॅबिनेटच्या बाहेर चालवता येणार होतं. कप्पा रिव्हेटचा असता तर या जागेचा विचार थांबवला असता. बोर्ड आत असताना पत्र्यात भोक पाडलं की लोखंडाचा कीस कुठे पडेल सांगता येत नाही, आणि रॅमच्या खाचेत गेलेला एक कण पुरेसा असतो.

प्रत्यक्ष काम

आधी हार्ड डिस्कवरच्या कागदपत्रांची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घेतली. मग वीज बंद, मागची वायर काढली, हार्ड डिस्क कप्प्यातून काढून कपाटात ठेवली. फिरत्या ड्रिलजवळ हार्ड डिस्क ठेवू नये.

मापं ठरलेली असतात, कंपनीगणिक बदलत नाहीत. अडीच इंची ड्राइव्ह ६९.८५ मिमी रुंद आणि सुमारे १०० मिमी लांब. तळाला चार भोकं: आडवं अंतर ६१.७ मिमी, उभं ७६.६ मिमी, आणि कनेक्टरच्या बाजूची जोडी त्या कडेपासून १४ मिमी आत. तरी मोजून आखण्यापेक्षा सोपा मार्ग घेतला. एसएसडीच्या तळावर कागदी चिकटपट्टी लावली, भोकांच्या जागी पिनने टोचलं, पट्टी अलगद सोडवून कप्प्याच्या पत्र्यावर चिकटवली. चार टोचे म्हणजे चार भोकांची मध्यं. चिकटवताना पट्टी ताणली जात नाही ना, हे मोजपट्टीने ६१.७ आणि ७६.६ मोजून तपासलं. एकच काळजी: तळाचा ठसा उलटा होता कामा नये. इथे भोकं सममितीत असल्यामुळे आडवी उलटापालट चालते, पण कनेक्टरची बाजू मात्र मदरबोर्डकडेच यायला हवी. म्हणून पट्टीवर आधीच बाण काढला होता.

सेंटर पंचने ठसे घेतले, नाहीतर ड्रिलचं टोक पत्र्यावर घसरतं. आधी २ मिमीचं भोक, मग ३.५ मिमीचं. एम३ स्क्रूला ३.२ मिमी पुरतं, पण हाताने आखलेल्या चार भोकांत थोडी चूक राहतेच. अर्धा मिमी जादा ठेवला की ती सामावते आणि वायसर भोक झाकतो. कडा गोल कानशीने साफ केल्या.

यानंतरची पायरी कोरड्या गावात कोणी करणार नाही, पण इथे टाळू नये. पत्र्याचा रंग भोकाच्या कडेला उडालेला असतो आणि उघडं लोखंड पहिल्याच पावसाळ्यात गंजतं. गंज फुगतो, स्क्रू धरून ठेवतो आणि पुढच्या वेळी निघत नाही. कीस ओल्या फडक्याने पुसला, कप्पा पूर्ण सुकवला, कडांना बारीक ब्रशने रेड ऑक्साइडचा एक हात दिला, तो वाळल्यावर वर एनॅमल. त्यासाठी एक रात्र गेली. दुसरा दिवस याचसाठी लागला होता.

स्क्रूची लांबी हिशेबाने ठरवली. स्क्रू ड्राइव्हच्या आत अडीच ते तीन मिमी गेला पाहिजे. दोन मिमीपेक्षा कमी गेला तर चार-पाच आटेही पकडत नाहीत, तीनपेक्षा फार जास्त गेला तर आतल्या सर्किटला टेकू शकतो. इथे पत्रा ०.८ मिमी, वायसर ०.५ मिमी, मिळून १.३. म्हणजे ४ मिमी लांबीचा स्क्रू २.७ मिमी आत जातो आणि ५ मिमीचा ३.७. त्यामुळे ४ मिमीचे चार घेतले. हा हिशेब महत्त्वाचा, कारण डीव्हीडी रायटरचे स्क्रू एम३ असले तरी अनेकदा ५ ते ६ मिमीचे असतात. ते आटा जुळतो म्हणून सहज फिरतात आणि नकळत खोल जातात. धातू स्टेनलेस स्टील निवडला. साध्या मुलाम्याच्या स्क्रूचं डोकं स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं की तिथूनच गंज धरतो.

स्क्रू खालून, म्हणजे कप्प्याच्या आतून वर घातले. त्यामुळे चारही डोकी कप्प्याच्या आत, हार्ड डिस्कच्या डोक्यावर आली. डोक्याची उंची २ मिमी, आणि हार्ड डिस्कच्या वर ६ मिमी मोकळी जागा आधीच मोजलेली होती. ही जागा आधी मोजली नसती आणि ती २ मिमीच निघाली असती, तर डोकी हार्ड डिस्कच्या झाकणाला टेकली असती. चारही स्क्रू आधी बोटांनी दोन-दोन फेरे घातले, मग कोनाकोनाने आवळले. आवळताना थांबल्यासारखं वाटलं की पुढे पाव फेराच. अनेक एसएसडींचं कवच प्लास्टिकचं किंवा पातळ अ‍ॅल्युमिनियमचं असतं, जोर लावला तर आटे सुटतात.

केबलीकडे सगळ्यात जास्त लक्ष दिलं. सरळ प्लगची, धातूची कुलूपपट्टी असलेली साटा केबल घेतली. काटकोनी प्लग जागा वाचवतो, पण पत्र्यावर आडव्या ठेवलेल्या ड्राइव्हला त्याचा वाक कुठल्या बाजूला आहे हे बघून घ्यावं लागतं. खाली वळणारा असेल तर तो पत्र्यातच घुसतो. मागे ६० मिमी असल्यामुळे इथे सरळच चालला. प्लगपासून पाच सेंटिमीटरवर केबल सैल वळण ठेवून केबल टायने कप्प्याच्या कडेला बांधली, पावरची केबलही तशीच. आता कोणी मागून केबल ओढली तरी ओढ टायवर येते, कनेक्टरवर नाही. टाय कचकन आवळला नाही. साटा केबल दाबली की आतल्या तारांमधलं अंतर बिघडतं.

चार पिनांची कन्व्हर्टर केबल बदलली. तिच्या साटा टोकावर सगळं प्लास्टिक एकत्र ओतलेलं होतं. अशा ओतीव कनेक्टरमध्ये आतल्या तारा एकमेकींना टेकून जळाल्याचे प्रकार होतात, आणि दमट हवेत तर तो धोका घ्यायचं कारण नाही. त्याऐवजी तारा एकेक खोबणीत दाबून बसवलेली साटाची दुहेरी केबल हार्ड डिस्कच्या पावरवरून घेतली. एसएसडी फक्त ५ व्होल्टवर चालते आणि एक अँपियरच्या आसपास किंवा कमीच ओढते, हार्ड डिस्कसोबत एवढा भार त्या कनेक्टरला जड नाही.

झाकण लावण्यापूर्वी एक तपासणी: झाकण सरकवताना हात केबलींवर ठेवून पाहिलं की कुठे दबत नाही. मग संगणक सुरू केला, C7 चा आकडा लिहून ठेवला.

निष्पत्ती

काम झालं त्या दिवशी आकडा 46B होता. आठवड्याने 46B, जुलैअखेर 46B, नोव्हेंबरात पुन्हा उघडून पाहिलं तेव्हाही 46B. गोठणं पहिल्या दिवसापासून थांबलं. पावसाळा संपल्यावर चारही स्क्रू स्वच्छ होते आणि सहज फिरले. मदरबोर्डचे काही साधे स्क्रू मात्र डोक्यावर तांबूस झाले होते. भोकांच्या कडांवर गंज नव्हता.

ऑगस्टमध्ये संस्थेने आणखी एक मागणी केली. सचिवांच्या जुन्या लॅपटॉपची अडीच इंची हार्ड डिस्क पडून होती, ती याच कॅबिनेटमध्ये ‘कुठेतरी चिकटवून’ बॅकअपसाठी वापरावी. याला नकार दिला आणि तो योग्य होता. आकार तोच असला तरी आत फिरती तबकडी असते. ती सैल फोमवर ठेवली तर स्वतःच्याच थरथरीने हलते आणि डोकं तबकडीवरच्या ओळीतून चुकत राहतं. तिला चारही स्क्रूंनी कडक पत्र्यावरच बांधावं लागतं, आणि झाकणावरचं श्वासाचं छोटं भोक टेपने झाकायचं नसतं. त्याहून मोठा मुद्दा म्हणजे बॅकअप त्याच कॅबिनेटमध्ये ठेवला तर वीज पडली किंवा पाणी शिरलं की दोन्ही प्रती एकत्र जातात. ती डिस्क यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवली.

वेगळं काय करता आलं असतं

जानेवारीतली सर्वात महाग चूक टेपची नव्हती, दिशेची होती. कनेक्टर झाकणाकडे न ठेवता मदरबोर्डकडे ठेवला असता आणि केबल एका टायने बांधली असती, तर तीच साधी टेप कदाचित पावसाळ्यापर्यंतही टिकली असती. चिकटवण्यापूर्वी दोन्ही केबल जोडून ड्राइव्ह हातात धरून पाहावी. सोडली की केबल तिला कुठे ढकलते, ते दिसतं. ती जिथे जाते तिथेच काही महिन्यांनी टेप तिला नेणार असते.

मे महिन्यात केबल बदलून आठवडा वाट पाहिली, त्याआधी झाकण काढूनच संगणक तासभर चालवला असता तर झाकणाचा दाब लगेच कळला असता. झाकण काढल्यावर गोठणं थांबतं का, ही तपासणी तासाभराचीच आहे आणि तिला कुठलाही प्रोग्राम लागत नाही.

जूनमधल्या कामावरही एक आक्षेप राहतो. कप्प्याला पाडलेली भोकं कायमची आहेत. खाचेतला ब्रॅकेट मार्चमध्येच मागवून ठेवला असता, तर ड्रिल, रंग आणि एक रात्र, काहीच लागलं नसतं. पण टेप सुटेपर्यंत कोणालाच तो हवासा वाटला नव्हता. संस्थेच्या जुन्या संगणकांपैकी आणखी एकात पुढच्या वर्षी एसएसडी बसवायची आहे, आणि त्यासाठीच्या ब्रॅकेटची नोंद या वेळी खरेदीच्या यादीत एसएसडीच्या शेजारच्याच ओळीत केली आहे, चार एम३ स्क्रूंसह.